हिरवा खांब आला, तरी भाव का पडला?

प्रश्न : मी बिटकॉइनचा रोजचा चार्ट पाहतो. त्याखाली अमेरिकेतल्या स्पॉट बिटकॉइन ईटीएफमध्ये किती पैसा आला नि किती गेला याचे हिरवे-लाल खांब लावून ठेवले आहेत. शेअर बाजारात आपण एफआयआय-डीआयआयचे आकडे बघतो, तसंच. मागचे आकडे तपासताना दिसलं की 2024 च्या मे-जूनमध्ये सलग एकोणीस दिवस खांब हिरवे आहेत, पण त्यानंतर महिन्याभरात भाव कोसळला. एवढा पैसा येत असताना भाव वर का गेला नाही? आणि असं असेल तर हे खांब बघायचे कशासाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही नेमका काळ निवडला आहे. हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्या एकोणीस दिवसांत जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दुसरीकडे क्वचित दिसेल. पण तिथे जाण्याआधी तो खांब तयार कसा होतो ते बघू, कारण निम्मा गैरसमज तिथेच आहे.

अमेरिकेच्या एसईसीने 10 जानेवारी 2024 रोजी या फंडांना परवानगी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचे व्यवहार सुरू झाले. पहिल्याच दिवशी सगळ्या फंडांत मिळून साधारण 460 कोटी डॉलरची उलाढाल झाली. त्या दिवसाची निव्वळ आवक मात्र 65 कोटी डॉलरच्या आसपास होती. हे अंतर कुठून आलं?

समजा, बॉस्टनमधल्या एका दंतवैद्याने ब्लॅकरॉकच्या फंडाचे, म्हणजे पडद्यावर IBIT असं दिसतं त्याचे, शंभर शेअर घेतले. ते त्याला दुसऱ्या कुणीतरी विकले. शेअर या हातातून त्या हातात गेले. फंडाकडे एक डॉलरही आला नाही आणि फंडाने एकही बिटकॉइन घेतलं नाही. उलाढालीत हा व्यवहार दिसतो, आवकेत दिसत नाही. आवक होते ती खरेदीदार विक्रेत्यांपेक्षा वरचढ ठरतात तेव्हा. मधला बाजार-दलाल आपल्याकडचे शेअर विकत राहतो, त्याच्याकडे ते कमी पडतात, आणि मग फंडाशी करार असलेल्या अधिकृत संस्थेमार्फत तो नवे शेअर काढून घेतो. IBIT चे शेअर 40,000 च्या गठ्ठ्याने निघतात, सुटे निघत नाहीत. उलट दिशेने शेअर परत करून रद्द केले की जावक होते.

म्हणून खांबाची उंची म्हणजे एकूण शेअर किती वाढले किंवा घटले, गुणिले एका शेअरचं निव्वळ मूल्य. कागदावर करून बघा. कालपर्यंत फंडाचे 100 कोटी शेअर होते आणि आज 100 कोटी 40 लाख झाले, तर शंभर गठ्ठे नवे निघाले. शेअरचं मूल्य 40 डॉलर असेल तर आवक 16 कोटी डॉलर. बिटकॉइन 70,000 डॉलरला असेल तर ही झाली सुमारे 2,286 नाणी. तक्त्यात ब रकान्यात एकूण शेअर आणि क रकान्यात निव्वळ मूल्य ठेवलं, तर सूत्र एवढंच :

```
=(B3-B2)*C3
```

या सूत्रात फंडाची एकूण मालमत्ता कुठेच नाही, याकडे लक्ष द्या. भाव वाढला की मालमत्ता आपोआप फुगते, त्याला आवक म्हणत नाहीत. फंडाकडच्या नाण्यांच्या संख्येवरून आवक मोजायला गेलात तरी फसण्याची शक्यता असते. 2024 च्या जुलैअखेर ग्रेस्केलने आपल्या जुन्या फंडातली, GBTC मधली, दहा टक्के नाणी काढून नव्या लहान फंडात ठेवली आणि जुन्या भागधारकांना त्याचे शेअर दिले. कुणी काही विकलं नव्हतं. पण नाणी मोजणाऱ्याला एका दिवसात GBTC मधून दहावा हिस्सा गेल्यासारखा दिसला असता. एखाद्या फंडात असा अवाढव्य लाल खांब दिसला, भाव जागचा हलला नाही आणि शेअरची संख्याही तेवढीच राहिली, तर ती हिशेबाची हालचाल आहे असं समजा.

आता वेळेचं बघू. भारतात बसून चार्ट बघणाऱ्याला हे सगळ्यात आधी कळायला हवं. न्यूयॉर्कचा बाजार आपल्या घड्याळाने उन्हाळ्यात रात्री दीडला आणि हिवाळ्यात अडीचला बंद होतो. बिटकॉइनची रोजची मेणबत्ती जागतिक वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बंद होते. फंडांचे आकडे त्यानंतर एकेक करून येत राहतात. काही फंडांच्या शेअरसंख्येत आदल्या दिवसाचे व्यवहार उशिरा धरले जातात, त्यामुळे तो आकडा प्रत्यक्षात कालचा असू शकतो. फारसाइडसारख्या फुकट तक्त्यात सकाळी एखादा रकाना रिकामा दिसतो आणि दुपारी भरलेला. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे त्या दिवशी शेअर निघाले नाहीत की रद्द झाले नाहीत. रिकाम्याचा अर्थ, आकडा अजून यायचा आहे. तो यायच्या आधीच बेरीज पाहून मत बनवणारे बरेच असतात.

पण याहून मोठी गोष्ट अशी की खांब मंगळवारचा असला तरी तुम्हाला तो बुधवारी कळला. चार्टवर मात्र तो मंगळवारच्या मेणबत्तीखाली बसतो. मागचा इतिहास तपासताना आपल्याला वाटतं, ‘बघा, हिरवा खांब आला त्याच दिवशी भाव वाढला, म्हणजे तिथेच घ्यायला हवं होतं.’ त्या दिवशी तो खांब कुणालाच दिसलेला नव्हता. शिवाय त्यामागची खरेदीही तोवर होऊन गेलेली असते. बाजार-दलाल शेअर विकतो तेव्हाच, दिवसाढवळ्या, स्वतःचा धोका झाकण्यासाठी बिटकॉइन किंवा त्याचे वायदे घेऊन ठेवतो. रात्री गठ्ठे निघतात ती नोंद असते. भावावर जो परिणाम व्हायचा तो झालेला असतो. पायाचा ठसा उमटला आहे, पण माणूस पुढे गेला आहे. म्हणून तपासणीसाठी खांबांचा रकाना एक दिवस पुढे सरकवलाच पाहिजे. एवढं केलं की बऱ्याच ‘हमखास’ पद्धतींचा हमखासपणा उरत नाही.

शनिवार-रविवारचीही अशीच गोष्ट. बिटकॉइन चोवीस तास, सातही दिवस चालतं आणि ईटीएफ पाच दिवस. 2024 च्या ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी साठ हजारांवर असलेला भाव सोमवारी, 5 तारखेला, 49,000 पर्यंत घसरला. त्यातली मोठी पडझड ईटीएफ बंद असताना झाली. त्या घसरणीचं कारण त्या दोन रिकाम्या दिवसांच्या खांबांत शोधणं म्हणजे बंद दुकानाच्या गल्ल्यात विक्री शोधणं.

आता तुमच्या एकोणीस दिवसांकडे. 13 मे 2024 पासून 7 जूनपर्यंत बाजार उघडा असलेल्या प्रत्येक दिवशी निव्वळ आवक झाली. 4 जूनला तर एका दिवसात 88 कोटी डॉलर आले, तोवरचा दुसऱ्या क्रमांकाचा दिवस. सगळी मिळून बेरीज 400 कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे सरासरी 68,000 च्या भावाने सुमारे 59,000 नाणी. एप्रिलमध्ये हाल्व्हिंग झालं होतं. त्यानंतर रोज साधारण 450 नवी नाणी तयार होत होती. या सव्वीस दिवसांत ती झाली 11,700. म्हणजे नव्या पुरवठ्याच्या पाचपट खरेदी ईटीएफनी केली. ‘रोज एवढं निघतं आणि ईटीएफ एवढं घेतात, मग भाव वर जाणारच’ असा हिशेब तेव्हा बऱ्याच ठिकाणी मांडला जात होता.

त्या काळात भाव साधारण 63,000 वरून 69,000 वर आला. ही वाढही बरीचशी 20 मेच्या आसपासची आहे, जेव्हा इथरच्या स्पॉट ईटीएफला परवानगी मिळेल अशी बातमी पसरली. त्यानंतर आवक रोज चालू होती, पण भाव 67,000 ते 72,000 च्या पट्ट्यात घुटमळत राहिला. मार्चमधला 73,700 चा उच्चांक त्याने ओलांडला नाही. 10 जूनला पहिली जावक आली आणि 5 जुलैला भाव 54,000 च्या खाली होता.

नव्या पुरवठ्याच्या पाचपट खरेदी होऊनही असं का झालं? त्या हिशेबात विकणारा एकटा खाणवाला धरला आहे, पहिली चूक ती. तेव्हा एक कोटी 97 लाखांच्या आसपास नाणी आधीच अस्तित्वात होती आणि त्यातलं प्रत्येक नाणं विक्रीला येऊ शकत होतं. आवक जितकी, तितकीच विक्री कुणीतरी केली, नाहीतर सौदाच झाला नसता. ईटीएफचा तक्ता फक्त एका बाजूच्या एका खरेदीदाराची नोंद ठेवतो. समोर कोण होतं ते त्यात नाही.

दुसरं कारण अधिक खोल आहे. शिकागोच्या सीएमईवर बिटकॉइनचे वायदे चालतात, एक सौदा पाच नाण्यांचा. तेव्हा वायद्याचा भाव हजर भावापेक्षा बऱ्यापैकी वर होता. हेज फंडाने ईटीएफचे शेअर घ्यायचे, तेवढ्याच नाण्यांचे वायदे विकायचे आणि मुदत संपेपर्यंत मधला फरक खिशात घालायचा. भाव वर गेला काय, खाली गेला काय, या फंडाला त्याचं सोयरसुतक नाही. त्याने ईटीएफ घेतला म्हणून तक्त्यात हिरवा खांब उमटला. त्याच क्षणी त्याने वायदे विकलेही, पण ते तुमच्या खांबात कुठेच नाही. दोन्ही बाजू धरल्या तर भावावरचा जोर जवळपास शून्य.

हे अंदाजाने सांगत नाही. अमेरिकेत वायदे बाजाराची देखरेख करणारी सीएफटीसी दर शुक्रवारी, त्या आठवड्यातल्या मंगळवारची स्थिती सांगणारा अहवाल काढते. त्यात उधारीवर खेळणाऱ्या फंडांची निव्वळ विक्री-बाजू जूनच्या सुरुवातीला तोवरच्या विक्रमी पातळीवर होती. आणि मोठ्या गुंतवणूकदारांना दर तिमाहीनंतर 45 दिवसांत जी धारणा जाहीर करावी लागते, तिच्यात मार्चअखेर मिलेनियम या हेज फंडाकडे या ईटीएफचे दोन अब्ज डॉलरच्या आसपासचे शेअर दिसले. त्याच यादीत विस्कॉन्सिन राज्याच्या गुंतवणूक मंडळाचे सोळा कोटी डॉलरचे शेअरही होते. निवृत्तिवेतनाचा पैसा सांभाळणारी संस्था आणि फरक कमावणारा फंड, दोघांचा हिरवा रंग सारखाच. माझ्या मते या आकड्याची सगळ्यात मोठी मर्यादा हीच आहे. खरेदी झाली ते तो सांगतो, कशासाठी झाली ते नाही.

अशी खरेदी ओळखायची एक खूण आहे. आवक सतत होत असेल, सीएमईवरच्या न मिटवलेल्या सौद्यांची संख्या सोबत वाढत असेल, वायद्याचा वरचढपणा चांगला असेल आणि तरीही हजर भाव वर सरकत नसेल, तर आवकेचा मोठा हिस्सा या जोडसौद्याचा असण्याची शक्यता जास्त. उलटंही होतं. वायद्याचा वरचढपणा आटला की हे फंड दोन्ही बाजू मिटवतात, ईटीएफमधून जावक होते आणि लाल खांब बघून लोकांना वाटतं, मोठे गुंतवणूकदार घाबरून पळाले.

29 जुलै 2025 पासून यात आणखी एक पदर आला आहे. आधी हे फंड फक्त रोख घेऊन शेअर काढत, फंडाला बाजारात जाऊन नाणी घ्यावी लागत. त्या दिवशी एसईसीने नाणी देऊन थेट शेअर घेण्याची मुभा दिली. आता एखाद्याने आपली जुनी नाणी अधिकृत संस्थेमार्फत फंडात जमा करून शेअर घेतले, तरी तक्त्यात ती आवकच. बाजारात मात्र एक नाणंही विकत घेतलं गेलं नाही. म्हणून 2024 चा खांब आणि त्यानंतरचा खांब एकाच मापाने मोजताना हात आखडता घ्या.

प्रश्न : मग हे खांब काढूनच टाकावेत का? की ते ठेवून काही उपयोग आहे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काढू नका. फक्त त्यांच्याकडून भविष्य वदवून घेऊ नका. मी ते भावाच्या वागणुकीची परीक्षा घेण्यासाठी वापरतो.

आधी डॉलरची नाणी करून घ्या. पहिल्या दिवशीची 65 कोटी डॉलरची आवक तेव्हाच्या 46,000 च्या भावाने सुमारे 14,100 नाण्यांची होते. 12 मार्च 2024 ची विक्रमी आवक सुमारे 105 कोटींची होती. खांब दीडपटीहून उंच, पण 71,500 च्या भावाने नाणी सुमारे 14,700. जवळजवळ तेवढीच. डॉलरचे खांब चढ्या भावात आपोआप उंच होतात आणि शिखरावर गर्दी असल्याचा भास निर्माण करतात.

एका खांबावर विसंबू नये याचं उदाहरणही याच तारखेत आहे. 12 मार्चच्या त्या आवकेनंतर दोन दिवसांत भावाने शिखर गाठलं आणि पुढचे काही महिने तो तिथे परतला नाही. अध्यक्षीय निवडणुकीनंतर, 7 नोव्हेंबर 2024 ला, याहून मोठी, 137 कोटी डॉलरच्या आसपासची आवक आली. तेव्हा भाव 76,000 होता. त्यानंतर दोन आठवड्यांत तो 99,000 पर्यंत गेला. दोन्ही दिवशी खबर एकच, ‘विक्रमी आवक’. पुढचं निष्पन्न अगदी विरुद्ध.

मग काय बघायचं? पाच दिवसांची बेरीज घ्या आणि तिच्यासमोर भाव काय करतो ते बघा. मला सर्वांत जास्त शिकवून जाणारा दिवस 1 मे 2024 चा वाटतो. भाव आठवडाभर घसरत 57,000 च्या खाली आला होता. त्या दिवशी 56 कोटी डॉलरची जावक झाली, तोवरची सर्वात मोठी. IBIT मधूनही पहिल्यांदाच पैसा बाहेर गेला. हा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना कळला. भाव आणखी पडायला याहून चांगलं निमित्त काय हवं होतं? तो पडला नाही. 3 मे रोजी GBTC मध्ये ईटीएफ झाल्यापासूनची पहिली निव्वळ आवक नोंदली गेली आणि भाव 62,000 च्या वर होता. वाईट आकडा येऊनही भाव खाली जायला तयार नाही, याचा अर्थ ज्यांना विकायचं होतं त्यातले बरेच विकून मोकळे झाले. जूनमध्ये याच्या उलट झालं. चांगले आकडे रोज येत होते आणि भाव वर जायला तयार नव्हता. म्हणजे वर कुणीतरी सातत्याने माल देत होतं.

मोठे खांब बहुतेकदा भावाच्या मागून येतात हेही इथे दिसतं. 1 मेची जावक भाव पडल्यावर आली, भाव पाडायला नाही. म्हणून खांबाचं वाचन नेहमी ‘आधी भावाने काय केलं होतं’ इथून सुरू करावं.

एकूण बेरजेच्या खाली फंडवार रकाने असतात, तेही उघडा. जानेवारी 2024 मध्ये 11 तारखेला 49,000 ला स्पर्श केलेला भाव 23 तारखेला 39,000 च्या खाली आला. वीस टक्क्यांची घसरण. त्या संपूर्ण काळात ईटीएफची एकूण बेरीज धन होती. फंडवार बघितलं तर नऊ नव्या फंडांत पैसा येत होता आणि GBTC मधून त्याहून थोडा कमी जात होता. GBTC चं कारण वेगळं होतं. आधी तो बंदिस्त ट्रस्ट होता, शेअर परत करून पैसे मागायची सोय नव्हती. 2022 च्या अखेरीस त्याचा शेअर मूळ मूल्याच्या जवळपास निम्म्या भावात मिळत होता. सवलतीत घेतलेल्यांना ईटीएफ झाल्यावर पूर्ण किमतीत सुटण्याची वाट मिळाली. काहींना दीड टक्क्याचं शुल्क जड वाटलं, ते पाव टक्क्याच्या नव्या फंडांत गेले. त्यांच्या बाबतीत एका रकान्यात लाल, दुसऱ्यात हिरवा आणि बाजारावर परिणाम नगण्य. शिवाय परवानगी मिळणार या आशेवर भाव ऑक्टोबर 2023 पासूनच चढत आला होता. ज्यांनी त्या आशेवर घेतलं ते प्रत्यक्ष सुरुवातीला विकून बाहेर पडले. ते ईटीएफच्या तक्त्यात नव्हतेच.

आणि हा तक्ता अमेरिकेचा आहे. कॅनडात असे फंड 2021 पासून आहेत, हाँगकाँगमध्ये एप्रिल 2024 पासून. त्यापलीकडे एक्सचेंजवरचे साधे खरेदीदार आणि वायदेबाज आहेत, ज्यांची उलाढाल या खांबांच्या बाहेर आहे.

सांगलीच्या वाचकाने एफआयआय-डीआयआयच्या तक्त्याशी केलेली तुलना इथे थांबते. तिथे ते आकडे ज्या बाजाराचे, तिथलाच भाव असतो आणि बाजार बंद झाल्यावर त्याच संध्याकाळी मिळतात. इथे आकडा एका देशाच्या एका वेष्टनाचा, आणि भाव जगभरच्या चोवीस तासांच्या बाजाराचा.

तेव्हा दोघांनाही विनंती : आज रात्री तुमच्या तक्त्यात डॉलरचा रकाना नाण्यांत बदला, तो एक दिवस पुढे सरकवा, शेजारी सीएफटीसीच्या शुक्रवारच्या अहवालातली निव्वळ विक्री मांडा, आणि मग मे-जून 2024 चे ते एकोणीस दिवस पुन्हा एकदा एकेक करून बघा.